सुबक बीड म्हणजे पक्का वेल्ड?

“जवळून काढलेल्या फोटोत बीड एकसारखी दिसतेय, भोकं नाहीत, म्हणजे वेल्ड पक्का ना?”

नाही. फोटो वेल्ड नापास करू शकतो, पास करू शकत नाही.

नापास करायला मात्र तो उपयोगी आहे. आधी स्लॅग झाडून वायर ब्रश मारा आणि टॉर्च बाजूने, अगदी तिरपी धरा. समोरून फ्लॅश मारला तर अंडरकट दिसतच नाही. तिरप्या उजेडात बीडच्या कडेला प्लेटमध्ये खाल्लेली चर काळ्या रेघेसारखी उठून दिसते. करंट जास्त किंवा हात घाईचा असला की ती पडते, आणि तडा बहुतेक तिथूनच सुरू होतो. टाचणीएवढी छिद्रं दिसली तर ओलसर रॉड, गंज, तेल किंवा वाऱ्याने उडालेला गॅस यांचा संशय घ्या. बीड कुठे रुंद, कुठे अरुंद असेल तर हाताचा वेग बदलला आहे.

आता 10 मिमी प्लेटवर कमी करंटने मारलेला मिगचा टी-जोड घ्या. लहरी सुंदर, फोटो निर्दोष. असा एका बाजूने वेल्ड केलेला नमुना व्हाइसमध्ये धरून, वेल्डचं मूळ, म्हणजे आतला कोपरा, उघडेल अशा दिशेने हातोड्याने तोडला, की आत प्लेटची मूळ कड ग्राइंडरच्या ओरखड्यांसकट जशीच्या तशी सापडते. धातू वितळून एकजीव झालाच नव्हता, नुसता वर बसला होता. भार पेलणाऱ्या जोडासाठी त्याच सेटिंगवर असा नमुना तोडून बघा, किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी करून घ्या.