फोनवरचं कंट्रोल बटण आणि काठोकाठ भरलेली डिस्क

"फोनवरून सर्व्हर फक्त बघता येतो, दुरुस्त करायला लॅपटॉपच लागतो" असं चांगले अनुभवी लोकही सांगतात, आणि ते बरोबर नाहीये. सर्व्हरला तुमच्या हातात काय आहे ते कळतच नाही, त्याच्याकडे एकामागून एक बाइट येतात एवढंच त्याला माहीत असतं. ते बाइट फोनला पाठवता आले की काम होतं. अडचण एवढीच की फोनच्या नेहमीच्या कीबोर्डवर कंट्रोल, एस्केप, टॅब आणि बाणांची बटणं नसतात, म्हणून टर्मक्स, टर्मियस, ब्लिंक अशी लांबून सर्व्हरवर लॉगिन करायची एसएसएच अ‍ॅप्स कीबोर्डच्या वर या बटणांची एक वेगळी पट्टी देतात. मला या सगळ्यात सर्वात आवडतं ते हे कंट्रोल बटण.

कंट्रोल आणि सी दाबलं की चालू प्रोग्राम थांबतो हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण नेमकं होतं काय? अक्षरांना आकडे देणाऱ्या अ‍ॅस्की कोडमध्ये कॅपिटल सी म्हणजे ६७, सात बिटांत लिहिलं तर १००००११. कंट्रोल दाबलं की डावीकडचे दोन बिट शून्य होतात आणि उरतं ०००००११, म्हणजे ३. स्मॉल सी ९९, म्हणजे ११०००११, त्याचेही डावीकडचे दोन बिट काढले तर परत ३ च. म्हणून इथे शिफ्ट दाबलंय की नाही याने फरक पडत नाही. हा ३ नंबरचा एकच बाइट एन्क्रिप्ट होऊन सर्व्हरपर्यंत जातो, आणि तिथे कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, टर्मिनल सांभाळणारा भाग तो बघून समोर चालू असलेल्या प्रोग्रामला थांबायचा सिग्नल देतो. म्हणजे थांबवण्याचं काम सर्व्हरवर होतं, फोन फक्त ३ हा आकडा पाठवतो.

आता हाच हिशोब चौकोनी कंसाला लावून बघा. [ हे चिन्ह म्हणजे ९१, बिटांत १०११०११, डावीकडचे दोन काढले की २७. आणि २७ म्हणजेच एस्केप! त्यामुळे पट्टीवर एस्केप सापडत नसेल तर कंट्रोल आणि [ दाबा, विम एडिटरच्या टायपिंगच्या मोडमधून सुखरूप बाहेर याल. तसंच कंट्रोल आणि आय म्हणजे ९, म्हणजे टॅब, आणि कंट्रोल आणि एम म्हणजे १३, म्हणजे एंटर. वरचा बाण मात्र एक बाइट नसतो, तो २७, ९१, ६५ असे तीन बाइट पाठवतो, पण कमांड लाइनवर मागची कमांड आणायला कंट्रोल आणि पी सुद्धा चालतं. एक कंट्रोल असलं की बाकीची बरीचशी बटणं हिशोबाने तयार करता येतात ती अशी.

याच हिशोबाचा एक त्रासही आहे. छोट्या बटणांवर बोट सरकून कंट्रोल आणि एस लागलं की १९ जातो, त्याचा अर्थ "आउटपुट थांबव", आणि स्क्रीन गोठते. माणूस नेटवर्क गेलं समजून अ‍ॅप बंद करतो आणि अर्धवट कामाचं नुकसान करून घेतो. आधी कंट्रोल आणि क्यू दाबून बघा, मधे टाइप केलेलं सगळं एकदम उमटलं तर नेटवर्क ठीक होतं.

आता खरी वेळ. वेबसाइट बंद पडलीय, तुम्ही प्रवासात आहात, लॅपटॉप जवळ नाही. लॉगिन केल्यावर पहिलं काम डिस्क बघणं, कारण अचानक बंद पडण्याचं ते फार नेहमीचं कारण आहे.

```
df -h
sudo du -xh -d1 /var | sort -h
```

पहिली कमांड डिस्क किती भरलीय ते सांगते, दुसरी कुठल्या फोल्डरने किती जागा घेतलीय ते. समजा ४० जीबीची डिस्क १०० टक्के भरलीय आणि शेवटच्या ओळींत `/var/log` ३१ जीबी दिसतंय. आत `app.log` ही प्रोग्रामच्या नोंदींची एकच फाइल एवढी फुगलीय. का फुगली ते बघायला `cat` लावलं तर तीच तीच एरर धो धो यायला लागते, मग कंट्रोल आणि सी. स्लो नेटवर्कवर त्यानंतरही काही सेकंद अक्षरं येतच राहतात, कारण ती आधीच वाटेत निघालेली असतात, म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा दाबू नका. अशा वेळी टॅबने नाव पूर्ण करायला गेलं की कधीकधी "No space left on device" अशी एरर येते, कारण शेलला टेम्पररी फाइल बनवायलाही जागा नसते, तेव्हा नाव हातानेच टाइप करा.

बहुतेक जण इथे `rm` मारतात, आणि `df` परत १०० टक्केच दाखवतो. लिनक्समध्ये `rm` फक्त फाइलचं नाव काढतो, चालू प्रोग्रामने ती फाइल उघडी धरली असेल तर तिची जागा मोकळी होत नाही. नाव नसलेल्या पण उघड्या फाइली अशा दिसतात:

```
sudo lsof +L1
```

यात प्रोसेसचा नंबर, समजा १८३४, आणि फाइलचा नंबर, समजा ३, मिळतो. मग ती फाइल आतून रिकामी करायची:

```
sudo truncate -s 0 /proc/1834/fd/3
```

जागा लगेच सुटते. मुळात `rm` न करता लॉगच्या फाइलवरच `truncate` चालवलं असतं तर हा वळसा पडला नसता, फक्त शेवटच्या दोन-तीनशे ओळी आधी वाचून घ्या, कारण फाइल रिकामी झाली की मूळ कारणाचा पुरावाही जातो. कमांड नोट्समधून कॉपी करत असाल तर नीट बघा, फोनचे कीबोर्ड कधीकधी दोन डॅशचा एक लांब डॅश करतात आणि पहिलं अक्षर कॅपिटल करतात, `df` चं `Df` झालं की लिनक्स ते ओळखत नाही.

हे सगळं लॉगिन झालं तरच. फोनवर पासवर्ड न ठेवता एसएसएच की ठेवतात, म्हणजे किल्ल्यांची एक जोडी, खाजगी भाग फोनमध्ये आणि सार्वजनिक भाग सर्व्हरच्या `authorized_keys` फाइलमध्ये एका ओळीत. जोडताना दोन्ही बाजू मिळून त्या कनेक्शनपुरता एक आकडा तयार करतात, फोन त्यावर खाजगी कीने सही करतो आणि सर्व्हर सार्वजनिक भागाने ती सही तपासतो. खाजगी की फोनबाहेर जात नाही, आणि आकडा दरवेळी नवा असल्याने जुनी सही चोरून उपयोग नसतो. अ‍ॅपच्या जाहिरातीतल्या "मिलिटरी ग्रेड" या शब्दांकडे बघूच नका, त्यातून काहीच कळत नाही. की वापरायच्या आधी पासफ्रेज किंवा बोटाचा ठसा मागतात का आणि की कंपनीच्या क्लाउडवर सिंक होते का, हे दोन प्रश्न सेटिंगमध्ये जाऊन तपासा.

यात एक मर्यादा आहे. सार्वजनिक भाग आधीच सर्व्हरवर ठेवलेला हवा, पासवर्डने लॉगिन बंद असेल तर आयत्या वेळी फोनवरून तो तिथे पोचवता येत नाही. आणि फोनसाठी लॅपटॉपची की कॉपी करू नका, वेगळी जोडी करा, ओळीच्या शेवटी "phone" असं लिहा. फोन हरवला तर दुसऱ्या मशीनवरून तेवढी एक ओळ काढायची. पण त्याने फक्त नवीन लॉगिन बंद होतात, फोनवरून आधीच उघडं असलेलं कनेक्शन चालूच राहतं, म्हणून कोण लॉगिन आहे ते `who` करून बघायचं आणि ते सेशन हाताने बंद करायचं.