व्हिस्कीत पडलेलं पाणी कुठे जातं?

व्हिस्कीचा ग्लास उजेडासमोर धरा आणि ड्रॉपरने त्यात पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच मिसळत नाही. तेलकट दिसणाऱ्या लकेरी वळत, पिळत खाली उतरतात आणि काही सेकंदांत विरून जातात. त्या लकेरींत तेल नसतं. पाणी आणि व्हिस्की यांतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून मिसळण्याची क्रिया डोळ्यांना दिसते, एवढंच. पण ग्लास पुन्हा नाकाशी नेला की वास बदललेला जाणवतो. मघाशी नुसता झोंबणारा अल्कोहोल होता, आता त्यामागून धूर, फळं, व्हॅनिला अशी एकेक गोष्ट वर येते.

हे का होतं ते कळायला व्हिस्कीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. तिच्यातला जवळजवळ सगळा भाग पाणी आणि इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल. वास देणारे शेकडो पदार्थ उरलेल्या अगदी थोड्या भागात असतात. त्यांतल्या बऱ्याच पदार्थांना पाणी फारसं मानवत नाही, इथेनॉल मानवतं. त्यामुळे इथेनॉल जिथे असेल तिथे ते जातात. आणि वास यायचा तर रेणूला द्रवाचा पृष्ठभाग सोडून हवेत उडावं लागतं. तेव्हा खरा प्रश्न असा, की हे रेणू पृष्ठभागावर आहेत की खोल आत दडून बसलेत?

स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. त्यांनी निवडलेला पदार्थ होता ग्वायाकोल. दलदलीत साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर म्हणजे पीट. त्याच्या धुरावर सातू वाळवला की धुराबरोबर ग्वायाकोल धान्यात उतरतं. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या अनेक व्हिस्कींना जो धुरकट वास येतो, त्यात याचा मोठा वाटा असतो. या दोघांनी पाणी, इथेनॉल आणि ग्वायाकोल यांचं मिश्रण संगणकावर उभं केलं आणि इथेनॉलचं प्रमाण बदलत गेल्यावर प्रत्येक रेणू कुठे सरकतो ते पाहिलं.

इथेनॉल ४५ टक्क्यांपर्यंत होतं तेव्हा ग्वायाकोल मुख्यतः पृष्ठभागापाशी सापडलं. याचं कारण सुंदर आहे. भोवती पाणी भरपूर असलं की इथेनॉलचे रेणू पृष्ठभागाकडे गर्दी करतात, कारण त्यांचं पाण्याला नकोसं टोक तिथे हवेकडे वळवता येतं. ग्वायाकोल त्यांच्या मागोमाग वर येतं. पण इथेनॉल ५९ टक्क्यांवर आणि त्यापुढे नेलं, तेव्हा द्रवाच्या आतही इथेनॉलच इथेनॉल झालं. मग ग्वायाकोलला वर येण्याचं कारणच उरलं नाही. इथेनॉलच्या वेढ्यात ते आत राहिलं.

आता हिशोब करून पाहू. पिंपातून काढलेली, पाणी न घातलेली, ६० टक्क्यांची ३० मिलिलिटर व्हिस्की घ्या. त्यात १८ मिलिलिटर अल्कोहोल आहे. ती ४५ टक्क्यांवर आणायची तर एकूण द्रव ४० मिलिलिटर व्हायला हवा, म्हणजे सुमारे १० मिलिलिटर, दोन चमचे पाणी. इथे पाणी खरोखर चित्र पालटवतं, कारण ग्वायाकोल आत असण्याच्या टप्प्यातून आपण ते वर असण्याच्या टप्प्यात येतो.

नेहमीच्या ४० टक्क्यांच्या बाटलीचं गणित निराळं आहे. ३० मिलिलिटरमध्ये दहा थेंब, म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर पाणी टाकलं तर प्रमाण ४० वरून ३९.३ वर येतं. इतक्याशा फरकाने सगळ्या द्रवाची रचना बदलते असं मला वाटत नाही. शिवाय ४० टक्क्यांना ग्वायाकोल आधीच वर आहे. थेंब पडताच पृष्ठभाग ढवळला जातो, आणि पाणी-इथेनॉल मिसळताना थोडी उष्णताही बाहेर पडते, म्हणून क्षणभर वासाचा झोत येऊ शकतो. टिकणारा बदल हवा असेल तर चमचाभर पाणी लागतं. ५ मिलिलिटरने प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास येतं.

कार्लसन-फ्रीडमन यांच्या कामाची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. त्यांच्या मिश्रणात वास देणारा पदार्थ एकच होता. खऱ्या व्हिस्कीत प्रत्येक पदार्थाची तऱ्हा वेगळी, आणि काहींच्या बाबतीत पाण्याने उलटंच घडतं. याचा पुरावा कधी कधी डोळ्यांना दिसतो. गार करून गाळलेली नसेल अशा, ४६ टक्के किंवा अधिक तीव्रतेच्या व्हिस्कीत पाणी घातलं की ती किंचित गढूळ होते. लांब साखळीचे, स्निग्ध स्वभावाचे एस्टर नावाचे पदार्थ आता विरघळून राहू शकत नाहीत आणि त्यांचे अतिसूक्ष्म गोळे बनतात. हे गोळे आपल्यासारख्याच पाणी न मानवणाऱ्या इतर रेणूंना पोटात घेतात, आणि तेवढा वास हवेत जायचा थांबतो. म्हणजे पाणी एका हाताने वास सोडतं आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवतं. व्हिस्की खुलते असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर वासांचा आपसातला तोल बदललेला असतो.

म्हणूनच किती पाणी, याला महत्त्व आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये २५ व्हिस्कींवर प्रयोग केले. साधारण चार भाग व्हिस्कीला एक भाग पाणी इथपर्यंत वास घेणाऱ्यांना व्हिस्की-व्हिस्कीतला फरक ओळखता येत होता. त्यापुढे एकाच प्रकारातल्या व्हिस्की एकमेकींसारख्या भासू लागल्या. वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून मिश्रण जमवणारी ब्लेंडर मंडळी मात्र नमुने हुंगताना ते २० टक्क्यांच्या आसपास आणतात. त्यांना दोष शोधायचे असतात आणि दिवसभर नाक शाबूत ठेवायचं असतं. त्यांचं काम चवीने पिणाऱ्यापेक्षा वेगळं आहे.

बर्फाच्या खड्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. पाणी मिसळतं आणि द्रव गार होतो. ४० टक्क्यांची तीच ३० मिलिलिटर व्हिस्की २५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला सुमारे ७ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, ग्लासची उष्णता न धरता. त्याने प्रमाण ३२ टक्क्यांच्या जवळ येतं, म्हणजे चमचाभराहून थोडं जास्त पाणी घातल्यासारखंच. पण ५ अंशांवर इथेनॉलची उडण्याची ओढ २५ अंशांच्या तुलनेत जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येते. नाकातल्या ज्या चेतातंतूंना मिरची झोंबते त्यांनाच अल्कोहोलची वाफ झोंबते, त्यामुळे हा चटका कमी होणं सुखाचं असतं आणि त्याआड झाकलेले हलके, फळांसारखे वास कळू लागतात. मात्र ग्वायाकोलसारखे जड रेणू गारठ्याने इथेनॉलपेक्षाही जास्त मंदावतात. धुरकट व्हिस्कीत बर्फ टाकल्यावर धूरच हरवला असं वाटतं, ते यामुळे.

पडताळायचं असेल तर एकाच व्हिस्कीचे तीन ग्लास घ्या: एक तसाच, एक चमचाभर पाण्याचा, एक छोट्या खड्याचा. तिसरा ग्लास मिनिटभराने हुंगा, खडा पूर्ण वितळल्यावर हुंगा आणि मग तळव्यात धरून कोमट झाल्यावर हुंगा. २० ग्रॅमचा खडा सगळा वितळला की प्रमाण २४ टक्क्यांवर आलेलं असतं. द्रव पुन्हा खोलीच्या तापमानाला येतो, आणि गारठ्याने दबलेला धूर त्या पातळ व्हिस्कीतून हळूहळू परत वर येऊ लागतो.