ठाण्याचे ३८ आणि नागपूरचे ४५

एप्रिल लागला की नागपूरचा पाहुणा हमखास चिडवतो, "आमच्याकडे ४५, तुमच्या ३८चं काय घेऊन बसलात!" पण १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने दगावली, तेव्हा नवी मुंबईचा पारा ३८च्याच आसपास होता.

नुसता बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता तयार करतो. एरवी ती त्वचेतून हवेत निघून जाते. उन्हाळ्यात त्वचेचं तापमान ३५च्या घरात असतं. हवा त्याहून तापली की उष्णता उलटी आत शिरते. मग एकच वाट उरते, घामाची. एक ग्रॅम घाम वाळताना अंदाजे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे ते १०० वॅट काढायला तासाला १५० ग्रॅम घाम पुरतो. वाळला तर! ठाणे स्टेशनवर पाठीला शर्ट चिकटतो आणि घाम कोपरावरून टपटपतो, तो थेंब जवळजवळ वायाच गेला.

वाळण्याचा वेग ठरतो त्वचेलगतच्या आणि हवेतल्या बाष्पाच्या दाबातल्या फरकावर. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेशी हा दाब पाऱ्याच्या ४२ मिलिमीटरइतका असतो. नागपुरात ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हवेतल्या बाष्पाचा दाब जेमतेम ११, फरक ३१. ठाण्यात ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला तो दाब २५ होतो, फरक उरतो १७. वारा सारखाच धरला तर घाम वाळण्याची क्षमता जवळपास निम्मी. आपल्याकडे माठातलं पाणी विदर्भासारखं गार होत नाही, तेही यामुळेच. (खिशातल्या कांद्याने या आकड्यांत काडीचाही फरक पडत नाही.)

घाम वाळत नाही म्हणून शरीर तो आणखी गाळतं. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिकडे रक्त पुरवताना हृदयाची दमछाक होते, आणि अंगातलं पाणी घटल्याने फिरवायला रक्तही कमी पडतं. म्हातारी माणसं आधी कोसळतात ती इथे. आतलं तापमान ४०च्या वर आणि माणूस बरळायला लागला, की तो उष्माघातच समजायचा. "घाम येतोय ना, मग काळजी नाही" हा समज घातक आहे. उन्हात कष्ट करणाऱ्याला उष्माघातातही दरदरून घाम असू शकतो. ॲम्ब्युलन्स बोलवा, पण ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून जोरात वारा घाला.

थंडीत सगळं उलट. त्वचेच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, उष्णता आत राखली जाते. तेवढ्याने भागलं नाही तर स्नायू कुडकुडून उष्णता तयार करतात. मनालीला जाऊन 'गरमीसाठी' रम घेणारे नेमक्या त्याच वाहिन्या पुन्हा उघडतात. ऊब वाटते, कारण आतली उष्णता बाहेर निघालेली असते. गारठलेला माणूस बर्फातच असताना कुडकुडायचा थांबला आणि गुंगल्यासारखा वागू लागला, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. आतलं तापमान ३२च्या आसपास उतरलेलं असू शकतं.