औष्णिक केंद्रात बेल्टचं काम: गेटपास आणि वर्क परमिटचे अर्ज कुठे अडतात

कोल्हापूर जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्र नाही, पण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ठेकेदारांच्या टोळ्या परळी, कोराडी, चंद्रपूरला कोळशाच्या बेल्टच्या दुरुस्तीला जातात. गेटपाससाठी आधार, वयाचा दाखला (१८ पूर्ण), पीएफ, विमा, पोलीस पडताळणी ही कागदपत्रं सहसा अडत नाहीत. अडतं ते फिटनेस सर्टिफिकेट.

गल्लीतल्या डॉक्टरांचं 'फिट आहे' एवढंच लिहिलेलं पत्र बहुतेक ठिकाणी परत येतं. कोल हँडलिंगमध्ये कोळशाची धूळ असते. राखेच्या बाजूला उडणाऱ्या फ्लाय अॅशमध्ये सिलिका असते, आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात साचते. म्हणून छातीचा एक्स-रे, श्वास फुंकून करायची स्पायरोमेट्री, कान आणि डोळे यांचे अहवाल जोडावे लागतात. औद्योगिक आरोग्याचा एएफआयएच अभ्यासक्रम केलेल्या डॉक्टरची सही लागते का, हे निघण्याआधी विचारून घ्या. चारशे किलोमीटर जाऊन गेटवरून माघारी येणं परवडत नाही. कापडी रुमाल हा मास्क नव्हे. एन-९५ लागतो, आणि दाढी असेल तर तोही कडेने गळतो.

दुसरी गल्लत: गेटपास बरेच दिवस चालतो, पण वर्क परमिट म्हणजे त्या ठराविक कामाची लेखी परवानगी, ती सहसा त्या पाळीपुरतीच. पाळी बदलली की पुन्हा सही. कालच्या परमिटवर आज काम सुरू केलं तर सेफ्टीवाले टोळीच बाहेर काढतात, आणि ते बरोबरच करतात.

आता परमिटचा अर्ज. समजा, चढत्या कन्व्हेयरखालचा एक रिटर्न रोलर बदलायचा आहे. 'बेल्ट बंद करण्याची पद्धत' या रकान्यात लोक 'पुल कॉर्ड ओढली' असं लिहितात, म्हणून अर्ज फेटाळला जातो. बेल्टच्या कडेने असलेल्या या आपत्कालीन दोरीने फक्त कंट्रोल सर्किट तुटतं. कुणी ती रिसेट केली आणि कंट्रोल रूममधून बटण दाबलं, तर बेल्ट पुन्हा चालू होतो आणि रोलरवरचा हात आत ओढला जातो. इथे हवं ते असं: आधी बेल्ट रिकामा चालवून थांबवला, सबस्टेशनमध्ये मोटरचा ब्रेकर बाहेर काढला, प्रत्येक कामगाराचं स्वतःचं कुलूप लागलं, चावी त्याच्याच खिशात, मग लोकल स्टार्ट दाबून मोटर फिरत नाही हे पाहिलं.

वीज तोडली तरी धोका उरतोच. बेल्ट ताणून धरणारं काउंटरवेट टनांच्या हिशेबात लटकत असतं, आणि उतारावरचा बेल्ट मागे घसरू शकतो. म्हणून काउंटरवेट चेनब्लॉकने बांधलं, बेल्टला वर-खाली क्लॅम्प लावले, काउंटरवेटच्या खड्ड्याभोवती दोरी बांधली, हे अर्जात नावानिशी लिहा: कोणता क्लॅम्प, कुठे, लावणारा कोण. 'सर्व काळजी घेतली' या वाक्यावर कुणी सही करत नाही.

काम संपल्यावर गार्ड परत बसवून, हत्यारं आणि माणसं मोजून परमिट परत करा. हा कागद राहिला तर बेल्ट सुरू होत नाही, आणि बिलाचं गाडंही तिथेच थांबतं.