सबमर्सिबल पंपाचे वॉरंटी कार्ड: ‘वॉरंटी लागू नाही’ या परिच्छेदापासून वाचावे
(आमच्या पंप ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

चैत्र-वैशाखात चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातून आमच्याकडे जळालेल्या मोटारी येतात, तेव्हा बहुतेक ग्राहकांना कार्डावरची एकच ओळ ठाऊक असते, ती म्हणजे ‘१२ महिने वॉरंटी’. त्या ओळीने फक्त मुदत कळते. कोणत्या बिघाडाचा खर्च कंपनी सोसणार आणि कोणत्या बिघाडाचा नाही, हे कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेले असते. ती बाजू बहुधा इंग्रजीत असल्यामुळे न वाचताच कार्ड कपाटात जाते. त्या मजकुराचा अर्थ मोटार बोअरमध्ये सोडण्यापूर्वीच समजावा, म्हणून हे पत्रक दिले आहे. प्रत्येक कंपनीच्या अटी थोड्याफार वेगळ्या असतात, त्यामुळे आपले कार्ड हाताशी ठेवून हे वाचावे.

मुदत कोठून मोजतात

अनेक कार्डांवर अशी अट असते की, बिलाच्या तारखेपासून १२ महिने किंवा माल कारखान्यातून निघाल्यापासून १८ महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती ग्राह्य धरली जाईल. समजा, साडेसात एच.पी.ची मोटार जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यातून निघाली, विक्रेत्याच्या गोदामात पडून राहिली आणि आपण ती २० नोव्हेंबर २०२४ रोजी घेतली. बिलाप्रमाणे मोजले तर वॉरंटी नोव्हेंबर २०२५ पर्यंत येते. पण १८ महिन्यांची मुदत जुलै २०२५ मध्येच संपते आणि तीच धरली जाते. म्हणजे वर्षाची म्हणून घेतलेली वॉरंटी प्रत्यक्षात आठ महिन्यांचीच मिळाली. यासाठी खरेदीच्या वेळी मोटारीच्या नामपट्टीवरील उत्पादनाचा महिना व वर्ष पाहावे. माल जुना असेल तर वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरल्याचे कंपनीकडून लेखी मागावे. विक्रेत्याच्या तोंडी शब्दाचा, त्यात आमचाही शब्द आला, दाव्याच्या वेळी उपयोग होत नाही. बिलावर मोटार आणि पंप या दोहोंचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत.

‘मोटार जळाली’ एवढे पुरेसे का नसते

उत्पादनातील दोष आणि मालाच्या प्रतीतील दोष यांचीच भरपाई मिळेल, असे कार्ड सांगते. त्याखाली जी यादी असते, तिच्यात साधारणपणे सिंगल फेजिंग, ठरलेल्या मर्यादेबाहेरचा व्होल्टेज, पंप कोरडा चालणे, वाळूमिश्रित पाणी, चुकीचा केबल जॉइंट आणि अनधिकृत दुरुस्ती ही कारणे वगळलेली असतात. सारांश असा की, वगळलेले असते ते जळण्याचे कारण. काही कार्डांवर मात्र वाइंडिंग जळणेच सरसकट वगळलेले असते, आणि अशी मोटार घेताना ग्राहकाने दोनदा विचार करावा असे आमचे मत आहे.

हे कारण ठरवतात कसे? सेवा केंद्रात मोटार उघडली की जळण्याच्या खुणा पाहतात. तीन फेजपैकी एक फेज गेलेला असतानाही मोटार चालत राहिली असेल, तर स्टार जोडणीत दोन फेजची गुंडाळी काळी पडते आणि तिसरी जवळजवळ कोरी राहते. डेल्टा जोडणीत याच्या उलट एकाच फेजची गुंडाळी जळते. सततच्या कमी व्होल्टेजने किंवा अतिभाराने तिन्ही फेज सारखेच काळवंडतात. पंप कोरडा चालला असेल तर प्लास्टिकचे इंपेलर वितळलेले किंवा वाकडे झालेले, तसेच बुश व थ्रस्ट बेअरिंग भाजलेले आढळतात. याउलट बाकी सर्व वाइंडिंग स्वच्छ असून एकाच ठिकाणी तारेचे वेढे आपसांत शॉर्ट झाले असतील, तर इन्सुलेशनमधील दोषाचा मुद्दा जोर धरतो. विजेच्या धक्क्यानेही एकाच जागी इन्सुलेशन फुटू शकते. त्यामुळे केवळ खुणेवरून वाद मिटतोच असे नाही आणि तेव्हा आपल्या शेतावरील पॅनलकडे बोट जाते.

आपल्याकडे शेतीच्या फिडरवर फेज जाणे नवीन नाही. प्रिव्हेंटर वारंवार ट्रिप होतो म्हणून तो बायपास करून ठेवणे, कपॅसिटर लावून दोन फेजवर मोटार चालवणे आणि रात्रीची लाइट आली की ऑटो स्विचने मोटार आपोआप सुरू होऊ देणे हे सर्रास चालते. बाग निसवणीला आलेली असताना पाणी तोडता येत नाही, ही अडचण आम्हांला मान्य आहे. परंतु कंपनीचा प्रतिनिधी पाहणीला आला आणि त्याला बायपासची वायर दिसली, तर मोटारीत खराखुरा दोष असला तरी तो दावा टिकवणे फार कठीण जाते.

व्होल्टेजची मर्यादा अनेक कार्डांवर ४१५ च्या उणे १५ ते अधिक ६ टक्के, म्हणजे सुमारे ३५३ ते ४४० व्होल्ट अशी दिलेली असते. मोटार चालू असताना पॅनलवरील व्होल्टमीटर आणि अँमीटर यांचे आकडे पंधरवड्यातून एकदा तारखेसह वहीत लिहावेत. अँमीटरचा काटा नेहमीपेक्षा खाली येऊन थरथरत असेल, तर पाण्याची पातळी पंपापर्यंत उतरली असून पंप हवा ओढत आहे असे समजावे आणि मोटार लगेच बंद करावी.

दावा बाद होण्याचे सर्वांत मोठे कारण

आमच्या पाहण्यात निम्म्याहून अधिक तक्रारी दोषाच्या तपासापर्यंत पोचतच नाहीत. मोटार बंद पडते, केळी सुकू लागते आणि ग्राहक मोटार थेट गावातील वाइंडरकडे नेतो. वाइंडर जुनी तार कापून काढतो. त्या तारेबरोबर जळण्याच्या खुणाही जातात आणि ‘अनधिकृत व्यक्तीने उघडलेली मोटार’ ही अट लागू होते. म्हणून वॉरंटीतील मोटारीचा एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी आमच्याकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. मोटार वर काढताना केबल जॉइंट, नामपट्टी आणि पॅनलच्या आतील जोडणी यांची छायाचित्रे काढावीत आणि जॉइंट न तोडता त्याच्या वरच्या बाजूला केबल कापावी. तपासणी मान्य नसेल तर दावा नाकारण्याचे कारण लेखी मागावे आणि जळालेले भाग परत घ्यावेत.

दावा मंजूर झाला तरी मोटार वर काढण्याची व पुन्हा सोडण्याची मजुरी, सेवा केंद्रापर्यंतचे भाडे आणि पाण्याअभावी झालेले पिकाचे नुकसान कंपनी देत नाही, असे बहुतेक कार्डांवर स्पष्ट लिहिलेले असते. बदलून मिळालेल्या भागालाही नवी मुदत मिळत नाही. मूळ वॉरंटीचे जेवढे दिवस उरले असतील तेवढेच त्याला लागू होतात. वाळूने इंपेलर झिजणे हाही दोष मानला जात नाही. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीतील नव्या बोअरला वाळू येणे थांबेपर्यंत नवा पंप सोडू नये.

शेवटच्या ओळीत, वाद फक्त कंपनीच्या गावच्या न्यायालयात चालेल, असे छापलेले असते. ते वाचून गप्प बसण्याचे कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीसोबत बिल, कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, तक्रार क्रमांक, कंपनीचे लेखी उत्तर आणि वर सांगितलेली वही जोडावी.