मात्रा सारख्या, नातं वेगळं

‘प्रेम, माया, स्नेह, प्रीत सगळं एकच, गाण्यात मात्रेला बसेल तो शब्द घालायचा, बरोबर ना?’

नाही. प्रेम, स्नेह आणि प्रीत यांच्या मात्रा तीन-तीनच, म्हणजे निवड मात्रेवर होतच नाही. ती नात्यावर होते. समजा, साताऱ्याकडच्या लग्नात पाठवणीच्या गाण्यासाठी ओळ लिहिली, ‘आईची प्रीत सोडून’. मांडवातल्या बायकांना ती लगेच खटकेल, कारण प्रीत जडते ती प्रियकर-प्रेयसीत. आई लावते ती माया. पण ‘माया’च्या मात्रा चार, एक जास्त. मग ‘सोडून’मधला डू ऱ्हस्व करायचा: ‘आईची माया सोडुन’. पुन्हा तेवढ्याच चौदा मात्रा, आणि गाताना हा ऱ्हस्व कानाला टोचत नाही.

स्नेह जुळतो तो मित्रांत, शेजाऱ्यांत. लावणीत तो फार थंड वाटतो. प्रेम मात्र कुठल्याही नात्यात चालतं, म्हणूनच नातं दाखवायला ते अपुरं पडतं.

या वाटण्या पक्क्या नाहीत. म्हाताऱ्या नवरा-बायकोत माया शोभते, गुराढोरांनाही ती लावतात. अभंगात मात्र जपा: तिथं ‘माया’ म्हणजे बऱ्याचदा भ्रम, आणि विठ्ठलाशी प्रेमच जुळतं.