बेरीज चुकली की निकष? विभागाला लिहायचे दोन वेगळे अर्ज

परभणीकडची एक विद्यार्थिनी भूगोलाची असाइनमेंट घेऊन माझ्याकडे आली. गावातल्या बोअर आणि विहिरींच्या पाण्यावर तिने काम केलं होतं. ४० पैकी २१ गुण. "सर, मला कमी मार्क पडलेत, असा अर्ज लिहून द्या ना." मी म्हटलं, आधी कागद दाखव.

रुब्रिकच्या, म्हणजे कोणत्या निकषाला किती गुण हे सांगणाऱ्या तक्त्यात क्षेत्रभेटीला १० पैकी ४, विश्लेषणाला १२ पैकी ६, मांडणीला १० पैकी ७ आणि संदर्भांना ८ पैकी ६. बेरीज २३ होते, खाली २१ लिहिलेले. इथंच दोन गोष्टींची गल्लत होते. बेरीज जुळत नाही, ही गुणपडताळणीची बाब. त्यात कुणाच्या मताचा प्रश्न नसतो, चार ओळींचा अर्ज आणि तक्त्याची प्रत पुरते. निकष नीट लावला गेला नाही असं वाटतं, ते मात्र पुनर्मूल्यांकन. तिथं पुरावा द्यावा लागतो आणि गुण वाढण्याऐवजी कमीही होऊ शकतात.

दोन्ही एकाच अर्जात कोंबले तर काय होतं, ते मी पाहिलंय: बेरीज सुधारतात, 'निकाली' असा शेरा मारतात, आणि खरा मुद्दा तसाच फायलीत पडून राहतो. म्हणून दोन अर्ज.

दुसऱ्या अर्जासाठी आम्ही शेरे वाचत बसलो. "नोंदवही जोडलेली नाही" आणि "विश्लेषण वरवरचे" असे दोन होते. तिला दोन्हींवर भांडायचं होतं. पण रुब्रिकमध्ये विश्लेषणासाठी दोन हंगामांची तुलना मागितली होती, आणि तिच्याकडं फक्त मे महिन्याचे आकडे. तो मुद्दा सोडून दिला. तो घातला असता तर पहिल्या मुद्द्याचं वजनही गेलं असतं. मग लिहिलं ते असं:

"मा. विभागप्रमुख, भूगोल विभाग यांस. क्षेत्रभेटीच्या निकषात तारखेसह नोंदी आणि किमान १० कुटुंबांच्या मुलाखती असल्यास ८ ते १० गुण, असे नमूद आहे. शेऱ्यात नोंदवही जोडलेली नाही असे म्हटले आहे. ती परिशिष्टात, पान १४ ते १९ वर असून १२ कुटुंबांच्या नोंदी आहेत. परिशिष्ट शेवटी असल्याने नजरेआड झाले असावे. फक्त या निकषाचे गुण पुन्हा तपासावेत, ही नम्र विनंती."

'अन्याय झाला' हे शब्द तिनं दोनदा लिहिले, मी दोनदा खोडले. सोबत पान १४ आणि १९ च्या झेरॉक्स लावल्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला लावली. अंतर्गत गुण विद्यापीठाकडं जाण्याआधी हे व्हायला हवं, नंतर विभागाच्या हातात फारसं राहत नाही.

बेरीज त्याच दिवशी २३ झाली. क्षेत्रभेटीचे ४ चे ८ व्हायला पंधरवडा लागला. विश्लेषणाचे ६ सहाच राहिले.